सरासरी किमतीवरून दोन घटकांचे गुणोत्तर कसे काढावे

अभियोग्यता चाचणीतील मिश्रणाच्या प्रश्नांना बहुतेक विद्यार्थी तिरकस वजाबाकीची रीत लावतात, आणि ती लावणे अवघड नसते. चूक होते ती बहुधा रीत लावण्याआधी, म्हणजे मधल्या जागी कोणती संख्या मांडायची हे ठरवताना. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते सावकाश पाहू.

समजा, एका घटकाचा दर किलोला 42 आहे आणि दुसऱ्याचा 57. दोन्ही मिसळून तयार झालेले मिश्रण किलोला 55 या दराने विकले असता शेकडा 10 नफा होतो. तर घटक कोणत्या प्रमाणात मिसळले?

सर्वप्रथम तिन्ही किमती एकाच जातीच्या आहेत का, हे तपासावे. 42 आणि 57 या खरेदीच्या किमती आहेत, तर 55 ही विक्रीची आहे. त्यामुळे मिश्रणाचीही खरेदी किंमत काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नफा खरेदी किमतीवर मोजला जात असल्याने 55 ही संख्या खरेदी किमतीच्या 110 टक्के आहे, म्हणून 55 ला 1.10 ने भागावे. उत्तर 50 येते. येथे घाईत 55 चे 10 टक्के, म्हणजे 5.50, वजा करण्याचा मोह होतो. तसे केल्यास 49.50 मिळतात, दोन्ही बाजूंचे फरक नेमके 7.50 येतात आणि 1 : 1 असे नीटनेटके, पण चुकीचे उत्तर हाती येते. उत्तर सुबक दिसले म्हणजे ते बरोबर असते, असे नाही.

आता स्वस्त घटकाची किंमत डावीकडे, महाग घटकाची उजवीकडे आणि सरासरी 50 मध्ये लिहावी. मधली संख्या दोन्ही टोकांच्या दरम्यान आली नाही, तर तेथेच थांबून आधीची आकडेमोड पुन्हा पाहावी, कारण मिश्रणाची खरेदी किंमत स्वस्त घटकाहून कमी किंवा महाग घटकाहून जास्त असूच शकत नाही. मग फरक काढावेत: 50 − 42 = 8 आणि 57 − 50 = 7. ते तिरके लिहावेत, म्हणजे 8 हा महाग घटकाखाली आणि 7 हा स्वस्त घटकाखाली.

हे फरक तिरके का लिहायचे, हे एकदा समजून घेतले की रीत पाठ करावी लागत नाही. स्वस्त घटकाचा प्रत्येक किलो सरासरीपेक्षा 8 ने कमी पडतो, तर महाग घटकाचा प्रत्येक किलो 7 ने जास्त होतो. तूट आणि वाढ एकमेकींना पुरी पडायची, तर स्वस्त घटकाचे 7 किलो (तूट 56) आणि महाग घटकाचे 8 किलो (वाढ 56) घ्यावे लागतात. म्हणून स्वस्त : महाग = 7 : 8. प्रश्नात एकूण मिश्रण 60 किलो दिले असेल, तर त्याचे 15 भाग करावेत. एक भाग 4 किलोचा होतो आणि घटक अनुक्रमे 28 व 32 किलो येतात.

गुणोत्तर उलटे लिहिले गेले का, हे नजरेने ओळखता येते. सरासरी ज्या किमतीच्या जवळ असते, तो घटक जास्त असतो. येथे 50 ही संख्या 57 च्या थोडी जवळ आहे, तेव्हा महाग घटकच जास्त हवा.

त्यानंतर ताळा घ्यावा. 7 × 42 = 294 आणि 8 × 57 = 456; बेरीज 750, तिला 15 ने भागल्यास 50. मात्र ताळ्यावर डोळे झाकून विसंबू नये. ज्याने नफा न काढता 55 हीच सरासरी धरली, त्याला 2 : 13 मिळते, आणि ताळा घेतल्यावर त्यालाही बरोबर 55 मिळतात. त्याची आकडेमोड निर्दोष असते, पण 55 ला घेऊन 55 लाच विकल्यावर नफा उरतच नाही. म्हणूनच ताळा मिळाल्यावर त्या खरेदी किमतीवर 10 टक्के चढवून 55 येतात का, एवढे आणखी पाहावे.

ही रीत मिळवून देते ते गुणोत्तर कशाचे, हेही नेमके माहीत हवे. दर ज्या एककावर दिलेला असतो, त्याच एककाचे ते गुणोत्तर असते. दर किलोवर असल्याने येथे वजनांचे गुणोत्तर मिळाले. पण मालाचा एक भाग शेकडा 8 नफ्याने, उरलेला शेकडा 18 नफ्याने विकून एकंदर 14 टक्के नफा झाला, असा प्रश्न आला, तर येणारे 4 : 6, म्हणजे 2 : 3, हे दोन्ही भागांच्या खरेदी किमतींचे गुणोत्तर होय. सगळ्या मालाचा खरेदी दर एकच असेल, तेव्हाच ते वजनांचेही गुणोत्तर म्हणून लिहावे.