‘कदाचित’ शिंपडून वाक्य अभ्यासू होत नाही

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी राज्यशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मी नाणारचा विषय घेतला, कारण तो माझ्या घरातला होता. काकांच्या हापूसच्या कलमांपासून प्रस्तावित रिफायनरीची हद्द फार लांब नव्हती. 2017 आणि 2018 या दोन वर्षांत घरात जेवताना दुसरं काही बोललं जात नव्हतं. मी लिहायला बसले तेव्हा पहिल्या पानावर हे वाक्य आपसूक उतरलं:

‘कोकणी माणसाने विनाशकारी रिफायनरी गाडून टाकली आणि सत्ताधाऱ्यांना गुडघे टेकायला लावले.’

ते लिहिताना अंगावर काटा आला होता, आणि तेव्हा त्यातलं एक अक्षर खोटं आहे असं मला वाटत नव्हतं. पण मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: ‘हे कोण खोटं ठरवू शकेल, आणि कशाच्या आधारे?’

मी घाबरले आणि सगळे करतात तेच केलं. सीनियरकडून ‘संशोधनाची भाषा’ नावाची दोन पानी झेरॉक्स मिळाली होती. ‘असे म्हटले जाते’, ‘असे दिसून येते’, ‘कदाचित’, ‘काही प्रमाणात’, ‘असे मानण्यास वाव आहे’ अशी तिच्यात रांग होती. एका रात्रीत मी ही वाक्यं सगळ्या प्रकरणावर पेरली. सकाळी वाचलं तर माझंच लिखाण मला विद्वान वाटू लागलं. आठवड्याने प्रत परत आली. दुसऱ्याच पानावर, जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाबद्दलच्या एका वाक्याभोवती जाड गोल होता:

‘2011 मध्ये साखरी नाटे येथे पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाल्याचे म्हटले जाते.’

मॅडम म्हणाल्या, “अगं, माणूस गेलाय. ‘म्हटलं जातं’ काय?”

मला जागच्या जागी रडू आलं. 18 एप्रिल 2011 ला साखरी नाट्याला गोळीबार झाला आणि त्यात एकाचा जीव गेला, हे सरकारनेही नाकारलेलं नाही. ती गोष्ट मी संशयात टाकली होती. आणि त्याच परिच्छेदात पुढे ‘नाणारच्या आंदोलनामुळेच प्रकल्प रद्द झाला’ हे वाक्य तसंच ठणठणीत उभं होतं. जिथे खात्री होती तिथे मी कचरले होते, आणि जिथे शंका घ्यायला हवी होती तिथे ‘च’ लावून बसले होते.

सापळा हाच आहे, म्हणून थोडं लांबण लावते. सौम्य शब्द वाक्याचा सूर बदलतात, त्याचा दावा बदलत नाहीत. ‘कदाचित कोकणी माणसाने रिफायनरी गाडली असावी’ यात दावा जुनाच आहे, फक्त लेखक मागे लपलाय. मराठीत ही लपायची जागा फार सोयीची आहे, कारण ‘म्हटले जाते’ लिहिलं की म्हणणारा कोण ते सांगावं लागत नाही. ‘दिसून येते’ तर त्याहून फसवं. ते नम्र वाटतं, पण त्याचा अर्थ ‘पुरावा समोर आहे आणि कुणालाही दिसेल’ असा होतो. म्हणजे ते ‘सिद्ध होते’चं जवळचं भावंड आहे. ‘सूचित होते’ त्याच्या खालची पायरी, ‘असावे’ आणखी खालची. या पायऱ्या कळेपर्यंत ती झेरॉक्स हातात घेऊ नका. खरं सांगायचं तर नंतरही घेऊ नका.

मग करायचं काय? पहिलं वाक्य फोडायचं. माझ्या वाक्यात किती गोष्टी कोंबल्या होत्या ते मोजायला मॅडमनी मला लायब्ररीत बसवलं, आणि मला तासभर लागला. प्रकल्प रद्द झाला, ही घटना. तो विनाशकारी होता, हे मत. कोकणी माणसाने विरोध केला, ही घटनाच, पण ‘कोकणी माणूस’ म्हणजे नक्की कोण ते सांगितल्याशिवाय अर्धी. आणि विरोधामुळे रद्द झाला, हे कारण. चारही तुकड्यांना वेगवेगळा पुरावा लागतो आणि खात्रीही वेगवेगळी असते. सौम्य शब्दाची खरी जागा बहुतेक वेळा चौथ्या तुकड्यात, घटना आणि कारण यांच्या सांध्यावर असते.

पहिला तुकडा सोपा वाटला आणि तिथेच मी पुन्हा आपटले. मी लिहिलं, ‘एप्रिल 2018 मध्ये प्रकल्पाची अधिसूचना रद्द झाली.’ आधार होता तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी नाणारच्या सभेत केलेली घोषणा. काका त्या सभेला होते, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण लगेच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं की असा निर्णय मंत्र्याला एकट्याने घेता येत नाही. मे 2017 ची अधिसूचना प्रत्यक्षात मागे घेतल्याचं सरकारने जाहीर केलं ते मार्च 2019 मध्ये. सभेतल्या घोषणेने एवढंच कळतं की मंत्री असं बोलले. निर्णय झाला का, हे सरकारी आदेश सांगतो. म्हणून वाक्य असं झालं: ‘एप्रिल 2018 मध्ये उद्योगमंत्र्यांनी अधिसूचना रद्द केल्याची घोषणा केली, मात्र ती औपचारिकरीत्या मागे घेतली गेली मार्च 2019 मध्ये.’ यात एकही ‘कदाचित’ नाही आणि लागतही नाही. जिथे कागद आहे तिथे सरळ लिहा, घाबरू नका.

‘विनाशकारी’चं काय करायचं, यावर मी दोन दिवस भांडले. तो शब्द काढणं म्हणजे गावाशी गद्दारी वाटत होती. पण तो काढावा लागत नाही, ज्याचा आहे त्याच्या तोंडी द्यावा लागतो. ‘आंदोलकांनी प्रकल्पाला विनाशकारी म्हटले, आंबा, काजू आणि मासेमारीवर परिणाम होईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.’ शब्द राहिला, मालकी स्पष्ट झाली, आणि आक्षेपही उलगडला. वर्षाला 60 दशलक्ष टन क्षमतेच्या रिफायनरीचा कलमांवर किती परिणाम झाला असता, हे सांगायचं तर तो वेगळा अभ्यास आहे, आणि माझा तो नव्हता.

‘कोकणी माणूस’ तर मी पूर्णच सोडला. राजापूर आणि देवगड तालुक्यांतली प्रकल्पग्रस्त गावं, विरोधाचे ठराव केलेल्या ग्रामसभा, मुंबईत राहणारे चाकरमानी हे सगळे एक नाहीत. समर्थन करणारे स्थानिकही होतेच. ज्या ग्रामसभेचा ठराव हातात आहे तिचंच नाव घ्यायचं, हे ठरवल्यावर लिखाण आपोआप शांत झालं.

आता कारणाचा सांधा. रद्द होण्याच्या आधी काय काय घडलं, हे मी तारखांनुसार एका कागदावर मांडलं. गावांचा विरोध 2017 पासून. 18 फेब्रुवारी 2019 ला शिवसेना आणि भाजप यांची युती जाहीर झाली आणि त्याच वेळी, शिवसेनेच्या अटीप्रमाणे, नाणारचा प्रकल्प दुसरीकडे हलवायची तयारी मुख्यमंत्र्यांनी दाखवली. मार्चच्या सुरुवातीला अधिसूचना मागे. 10 मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर. दोन वर्षं विरोध चालू असताना जे झालं नाही, ते युतीनंतर दोन आठवड्यांत झालं. हे मांडताना माझे हात गार पडले होते.

मग मॅडमनी विचारलं, “विरोधाने प्रकल्प रद्द होतात, तर जैतापूरचा का नाही झाला?” तालुका तोच, राजापूर. 9900 मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प, तीव्र आंदोलन, गोळीबार, एक मृत्यू. तरीही तो प्रकल्प सरकारने सोडला नाही. म्हणजे तीव्र विरोध असला की प्रकल्प जातोच, असं म्हणता येत नाही. आणि नाणारनंतर रिफायनरीसाठी त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव पुढे आलं. एप्रिल 2023 मध्ये तिथे माती परीक्षणाला विरोध करायला बाया-माणसं सड्यावर उन्हात बसली, तेव्हा ‘गाडून टाकली’ हा शब्दही गळून पडला. एक जागा रद्द झाली होती, बेत रद्द झाला नव्हता.

तुमच्या निबंधात असं एक जैतापूर शोधाच. जिथे तुमचं कारण होतं पण परिणाम झाला नाही, अशी जवळची घटना. ती सापडली की कुठे किती सौम्य व्हायचं ते तीच सांगते, झेरॉक्स लागत नाही. नाही सापडली तर तेही लिहा, आणि दावा त्या एका घटनेपुरता ठेवा.

एक छोटं उदाहरण, कारण हे वाक्य आमच्याकडे प्रत्येकाच्या निबंधात असतं: ‘बाहेरच्यांनी जमिनी लाटल्या.’ सातबारा आणि फेरफार नोंदींवरून जमीन कुणी आणि कधी घेतली ते कळतं. घेणाऱ्याला प्रकल्पाची आधी कुणकुण होती का, ते त्यातून कळत नाही. अधिसूचनेआधीच्या काही महिन्यांत खरेदी वाढलेली दिसली तर ‘खरेदीदारांना पूर्वकल्पना असण्याची शक्यता सूचित होते’ इथपर्यंतच जाता येतं. त्यापुढे जायचं असेल तर विकणाऱ्यांशी बोलावं लागेल.

मार्गदर्शकाबद्दलही सांगते. जे तुमचं वाक्य स्वतः दुरुस्त करून देतात त्यांच्याकडून तुम्ही काही शिकत नाही, मग ते कितीही प्रेमळ असोत. माझ्या मॅडमनी अख्ख्या प्रबंधात माझं एकही वाक्य बदललं नाही. मला त्यांचा राग यायचा. असा राग येत असेल तर माणूस बरोबर मिळालंय असं समजा.

शेवटी माझं वाक्य असं झालं: ‘मार्च 2019 मध्ये अधिसूचना मागे घेतली जाण्यात स्थानिक विरोधाबरोबरच निवडणूकपूर्व युतीच्या वाटाघाटींचा मोठा वाटा असावा, असे घटनाक्रमावरून सूचित होते.’

मे महिन्यात घरी गेले तेव्हा काकांना ते वाचून दाखवलं. ते पडवीत आंबे पेंढ्यात लावत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आमच्यामुळे नाय झाला?”

“तसं नाही लिहिलं, काका. फक्त तुमच्यामुळेच झालं, असं म्हणता येत नाही, एवढंच.”

“बरं. मग मला सांग, त्या पक्षान ती अट घातली कुणाच्या भीतीन?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विरोध आणि युती ही दोन वेगळी कारणं मी शेजारी-शेजारी ठेवली होती, आणि काका म्हणत होते की एक दुसऱ्यातून निघालं. हे तपासता येण्यासारखं होतं. ग्रामसभांचे ठराव आधीचे की शिवसेनेची विरोधी भूमिका आधीची? तेव्हा इथला आमदार आणि खासदार दोन्ही त्याच पक्षाचे होते, त्यांची भाषा गावांतल्या सभांनंतर बदलली का? दुसऱ्या दिवशी मी ठरावांच्या नकला मागायला ग्रामपंचायतीत गेले, आणि त्या वाक्याखाली पेन्सिलने लिहिलं: ‘विरोधाचा परिणाम थेट सरकारवर न होता पक्षामार्फत झाला का? तारखा बघणे.’