सबस्क्रायबर कुठून आला आणि नंतर त्याने किती बघितलं: मी दोन महिने चुकीचा भागाकार करत होते

मावशी शिवते, मी शूट, एडिट आणि युट्यूब स्टुडिओ सांभाळते, चॅनेल ब्लाऊज कटिंगचं आहे. स्टुडिओ उघडून आकडे बघता येतात इतकं तुम्हाला येतंय असं धरूनच लिहितेय, कारण मला बोलायचंय ते फक्त एका गोष्टीबद्दल, की एक सबस्क्रायबर म्हणजे नक्की किती मिनिटं.

आमचा एक शॉर्ट होता, उरलेल्या कापडातून लटकन, 34 सेकंदांचा, सकाळी बसून दुपारपर्यंत संपवलेला. तो धावला. नऊ लाख व्ह्यूज, आणि त्या एका शॉर्टवरून साधारण 6,200 सबस्क्रायबर. आता अॅडव्हान्स्ड मोडमध्ये व्हिडिओंचा तक्ता उघडलात की एकाच ओळीत वॉच टाइम आणि सबस्क्रायबर शेजारी शेजारी दिसतात, आणि शेजारी दिसलं की हात भागाकार करतोच. शॉर्टचा वॉच टाइम सहा हजार तासांच्या वर, भागिले 6,200, म्हणजे माणशी एक तास! मी मावशीला सांगितलं की आता लाँग व्हिडिओ बंद, तीन दिवस घालवून बावीस मिनिटांचा व्हिडिओ कशाला करायचा. दोन महिने आम्ही फक्त शॉर्ट्स टाकले.

चूक कुठे आहे ते नीट बघा, कारण मला हे कळायला फार वेळ लागला. ते सहा हजार तास त्या 6,200 जणांचे नाहीतच, ते नऊ लाख व्ह्यूजचे आहेत. दुकानासमोरून वरात गेली आणि आत दोन गिऱ्हाईकं आली, तर अख्ख्या वरातीचा वेळ त्या दोघांच्या नावावर लिहिल्यासारखं झालं. आणि समजा फक्त त्या 6,200 जणांचा वेळ वेगळा काढता आला असता, तरी तो बटण दाबायच्या *आधी* बघितलेला वेळ आहे. आपल्याला हवाय तो नंतरचा. मिळवायला काय लागलं आणि मिळाल्यावर काय आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तो तक्ता तुम्हाला फक्त पहिली दाखवतो.

नंतरचा वेळ दिसतो तो `Subscription status` या ब्रेकडाउनमध्ये. पण तिथेही एक समजून घ्या, ते स्टेटस बघण्याच्या क्षणाचं असतं. एखादी ताई आठ दिवस तुमचे तीन व्हिडिओ बघते आणि नवव्या दिवशी सबस्क्राइब करते, तर आधीची सगळी मिनिटं कायमची नॉन-सबस्क्राइब्डमध्येच राहतात, मागे जाऊन बदलत नाहीत. आपल्या कामाला हे चांगलंच आहे, कारण सबस्क्राइब्डच्या ओळीत येतं ते बटण दाबल्यानंतरचंच.

अडचण एवढीच की युट्यूब माणूस जोडून देत नाही. हा सबस्क्रायबर लटकनवरून आला आणि नंतर त्याने मुंढा कटिंग बघितलं, असं कुठेही दिसत नाही. एका माणसाची किंमत मिळत नाही, लाटेची मिळते. म्हणजे एकाच ठिकाणाहून खूप सबस्क्रायबर आलेला काळ शोधायचा, आणि त्याच्या आधी-नंतर सबस्क्राइब्डचा वॉच टाइम किती हलला ते बघायचं.

मी असं केलं. तीन महिन्यांपेक्षा जुने सगळे लाँग व्हिडिओ घेऊन स्टुडिओमध्ये एक ग्रुप बनवला. जुनेच का, तर नवा व्हिडिओ जुने सबस्क्रायबरही बघतात, आणि तो वेळ नव्यांच्या खात्यात जाऊन आकडा फुगतो. ज्या व्हिडिओने लाट आणली तोही याच कारणाने बाहेर. मग लाटेच्या आधीचे 28 दिवस, मधली लाट आणि वर दोन आठवडे सोडून द्यायचे (नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हौसेने बघतो, त्यावर जाऊ नका), आणि त्यानंतरचे 28 दिवस. दोन्ही वेळी शक्यतो आठवड्याला एकच लाँग व्हिडिओ गेलेला असावा, नाहीतर तुलना ढोबळ राहते. लटकननंतर आम्ही फक्त शॉर्ट्स टाकले होते, म्हणून तिथला आकडा ढोबळच धरा.

लटकनच्या वेळी ग्रुपवर सबस्क्राइब्डचे आधी 410 तास, नंतर 431. नॉन-सबस्क्राइब्डचा आकडा जागेवरच होता. म्हणजे 21 तास वाढले, 1,260 मिनिटं, भागिले 6,200. बारा सेकंद. महिन्याला माणशी बारा सेकंद, आणि मी एक तास धरून बसले होते. ही लटकन बघणारी माणसं शिवत नव्हतीच, त्यांना छान दिसलं, त्यांनी बटण दाबलं, त्यांची काही चूक नाही.

मग कटोरी ब्लाऊजचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ, पुन्हा लाँग सुरू केल्यानंतरचा. त्यावरून फक्त 840 आले. त्याच पद्धतीने ग्रुपवर आधी 390 तास, नंतर 477, म्हणजे 87 वाढले. पण तेव्हा लग्नसराई जवळ येत होती आणि त्याच जुन्या व्हिडिओंवर नॉन-सबस्क्राइब्डचा वेळही 5 टक्क्यांनी वाढलेला, म्हणून 390 चे 5 टक्के, साधारण 20 तास, सीझनचे समजून वजा केले. उरले 67 तास, भागिले 840, माणशी पावणेपाच मिनिटं. बारा सेकंदांच्या वीस-पंचवीस पट.

हा आकडा अगदी काटेकोर नाही. व्हिडिओच्या नावावर फक्त त्याच्या वॉच पेजवर बटण दाबणारे मोजले जातात, कटोरी बघून चॅनेल पेजवर गेली आणि तिथे दाबलं तर ती वेगळ्या सोर्समध्ये जाते. म्हणजे 840 खरे जास्त असतील आणि पावणेपाच थोडे कमी. पण फरक वीस पटीचा असताना निर्णय बदलत नाही. उलट दोन सोर्समध्ये 5 आणि 6 मिनिटं असा फरक आला तर त्यावर काहीही ठरवू नका. आणि शंभर-दीडशे सबस्क्रायबरच्या लाटेवर हे करूच नका, नेहमीच्या चढउतारात ती बुडून जाते. छोटं चॅनेल असेल तर घाबरू नका, थांबा, एखादी लाट येईपर्यंत आठवड्याचे आकडे शीटमध्ये लिहून ठेवा.

अजून एक, थोडक्यात. `Subscribers lost` हा कॉलम सोर्सनुसार वजा करायचा मोह होतो. तो माणूस *कुठून बाहेर पडला* ते सांगतो, आला कुठून होता ते नाही. लटकनवरून आलेली बाई कटोरीच्या पेजवर अनसबस्क्राइब करते आणि तोटा कटोरीच्या ओळीत पडतो. आमच्याकडे याच्यामुळे सगळ्यात चांगला व्हिडिओ सगळ्यात वाईट दिसत होता.

आणि "आधी एक लाख करा, बाकी नंतर बघू" सांगणारे मेंटर असतात ना, मी एकाकडे पैसे भरलेत. त्यांनी एकदाही हे ब्रेकडाउन उघडून दाखवलं नाही. माझं मत स्पष्ट आहे, जो तुमच्या स्वतःच्या स्टुडिओत बसून आकडे बघत नाही त्याला पैसे देऊ नका. शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ मॉनेटायझेशनच्या 4,000 तासांच्या अटीत धरत नाहीत, एवढं साधंही मला तिथे कळलं नाही.

शॉर्ट्स वाईट असं मी म्हणत नाहीये. कटोरीच्या टक्सचा 40 सेकंदांचा तुकडा कापून शॉर्ट केला आणि रिलेटेड व्हिडिओ म्हणून मूळ व्हिडिओ जोडला, त्यावरून 1,100 आले आणि त्यांचा हिशोब दीड मिनिटाच्या आसपास निघाला. लटकनपेक्षा कितीतरी बरा, कारण टक्स बघायला शिवणारीच बाई थांबते. आता पायपिंगचा तसाच शॉर्ट गेलाय, 700 आलेत, दोन आठवडे सोडून 28 दिवस मोजायला परवापासून सुरुवात.