बीसीसी लोखंडाची प्रतले मोजायला बसण्यापूर्वी

उद्या मटेरियल सायन्सचा पेपर असेल, तर आज संध्याकाळी दहा धातू घेऊन बसू नका. एकच घ्या, लोखंड, तेही खोलीच्या तापमानाचे. त्याची रचना बीसीसी असते, म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि बरोबर मध्ये एक. घनाची बाजू a = 0.2866 नॅनोमीटर. कोपऱ्यातले अणू एकमेकांना चिकटत नाहीत. ते चिकटतात मधल्या अणूला, घनाच्या तिरक्या कर्णावर, म्हणून √3 a = 4R आणि अणूची त्रिज्या R = 0.1241 नॅनोमीटर. हे दोन आकडे वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तांब्यासाठीचे √2 a = 4R हे सूत्र इथे घुसवले, तर पुढची सगळी उत्तरे चुकतील आणि चूक कुठे झाली ते सापडणार नाही.

वही, पेन्सिल, पट्टी जवळ असू द्या आणि एक कच्चा बटाटाही. बटाट्याचा जमेल तितका नेमका घन कापून बाजूला ठेवा, त्याचे काम पुढे येईल.

आधी प्रतलाला नाव देण्याचा सराव करा. प्रतल तिन्ही अक्षांना कुठे छेदते ते a च्या पटीत लिहायचे, त्यांचे व्यस्त घ्यायचे आणि अपूर्णांक उरले तर पूर्णांक करायचे. व्यस्त घेण्याचा फायदा असा की अक्षाला समांतर असलेल्या प्रतलाचा छेद अनंतावर जातो आणि त्याचा सरळ शून्य होतो. अडचण येते ती प्रतल आरंभबिंदूतूनच जाते तेव्हा. तळाचा एक कर्ण (0,0,0) पासून (1,1,0) पर्यंत काढा आणि त्यावर उभी भिंत बांधा. ही भिंत x आणि y या दोन्ही अक्षांना शून्यावर छेदते, आणि शून्याचा व्यस्त निघत नाही. अशा वेळी प्रतल हलवायचे नाही, आरंभबिंदू शेजारच्या कोपऱ्यावर न्यायचा. (0,1,0) वर नेलात तर छेद 1, −1, ∞ येतात आणि नाव (1 1̄ 0) होते. (1,0,0) वर नेलात तर (1̄ 1 0) येते. दोन्ही बरोबर, कारण सगळी चिन्हे एकदम उलटली तरी प्रतल तेच राहते. हे माहीत नसल्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर पाहून आपले बरोबर उत्तर खोडणारी मुले मी दरवर्षी पाहतो.

दिशेसाठी व्यस्त घेत नाहीत. टोकाच्या सहनिर्देशांकांतून सुरुवातीचे वजा करायचे, सामाईक भाजक काढायचा आणि चौकोनी कंस द्यायचा. मग लगेच एक पडताळा करा. दिशा [uvw] प्रतल (hkl) मध्ये पडते का, हे hu + kv + lw शून्य येते का यावरून कळते. आपल्या भिंतीत [111] बसते का? 1 − 1 + 0 = 0, बसते. लोखंड वाकते तेव्हा अणूंचे थर याच [111] घराण्याच्या दिशांनी सरकतात, म्हणून ही जोडी नीट ओळखीची करून घ्या.

रेषीय घनतेला फार वेळ लागत नाही. ज्यांचे केंद्र रेषेवर आहे तेच अणू मोजायचे आणि लांबीने भागायचे. [100] वर a लांबीत दोन अर्धे, म्हणजे एक अणू: नॅनोमीटरला 3.49. [110] वर √2 a लांबीत एकच अणू, 2.47. [111] वर √3 a लांबीत टोकांचे दोन अर्धे आणि मधला एक पूर्ण, म्हणजे दोन: 4.03. या शेवटच्या रेषेवर अणू एकमेकांना चिकटून आहेत, म्हणून उत्तर 1/(2R) शी जुळलेच पाहिजे. जुळते.

खरा वेळ प्रतलीय घनतेला द्या. (110) ही जोडीतली सोपी. तो a आणि √2 a बाजूंचा आयत आहे, आणि कोपऱ्यांवर काटकोन असल्याने प्रत्येक कोपऱ्यातल्या अणूचा पाव भाग आत येतो. इथे अष्टमांश लिहू नका. अष्टमांश हा घनाच्या आकारमानातला वाटा आहे, आपण पृष्ठभाग मोजतो आहोत. चार पाव मिळून एक, शिवाय घनाचा मधला अणू आयताच्या बरोबर मध्यावर, असे दोन. क्षेत्रफळ 0.1162 चौरस नॅनोमीटर, म्हणून घनता 17.2 अणू प्रति चौरस नॅनोमीटर.

आता (111), आणि इथे बटाटा हातात घ्या. एका कोपऱ्याला लागून असलेले तीन कोपरे जोडणारा काप घ्या. √2 a बाजूचा समभुज त्रिकोण दिसेल, क्षेत्रफळ (√3/2) a², म्हणजे 0.0711. कोन 60 अंशांचा, म्हणून प्रत्येक कोपऱ्यातून सहावा भाग आणि एकूण अर्धा अणू. घनता 7.03.

इथे मन म्हणते, मधला अणू राहिला की! त्रिकोणाच्या मध्ये मोठी रिकामी जागा दिसते, आणि बीसीसीत मध्ये अणू असतो हे डोक्यात पक्के बसलेले असते. पण बटाट्याचा मध्य कापला गेलेला नाही, तो मोठ्या तुकड्यात आत राहिला आहे. गणितानेही तेच दिसते. या प्रतलावर x + y + z = 1 असते, मध्याची बेरीज मात्र 1.5. मध्य प्रतलापासून 0.083 नॅनोमीटर दूर आहे. ते अंतर त्रिज्येपेक्षा कमी असल्याने अणूचा गोळा प्रतलाला जरूर छेदतो, आणि त्यामुळेच फसगत होते. नियम केंद्राचा आहे. केंद्र प्रतलावर नसेल तर तो अणू मोजायचा नाही.

मोजलात तर चूक कशी पकडाल? दीड अणू धरून घनता 21.1 येते. तिला एका अणूच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने, πR² = 0.0484 ने गुणा. उत्तर 1.02, म्हणजे वर्तुळांनी प्रतलापेक्षा जास्त जागा व्यापली, जे शक्य नाही. समान वर्तुळे कितीही दाटीने मांडली तरी 0.907 च्या वर जाता येत नाही. (110) साठी हाच गुणाकार 0.83 येतो.

दुसरा पडताळा मला याहून आवडतो. प्रतलीय घनतेला लगतच्या दोन अणुप्रतलांमधल्या अंतराने भागले की आकारमानी घनता, म्हणजे 2/a³, मिळाली पाहिजे. एका घननॅनोमीटरला 85 अणू. (110) साठी अंतर a/√2 = 0.2027, आणि 17.2 ला त्याने भागून 85 येतात. (111) साठी मात्र a/√3 वापरलेत तर 42 येतील. घाबरू नका, घनता बरोबर आहे, अंतर चुकले आहे. वगळलेल्या मधल्या अणूंचे स्वतःचे एक समांतर प्रतल बरोबर अध्येमध्ये उभे आहे, म्हणून खरे अंतर निम्मे. बीसीसीत h + k + l विषम आले की असे होते, (100) लाही.

आणि प्रश्नात तापमान दिले असेल तर ते आधी वाचा. 912 अंश सेल्सिअसच्या वर लोखंड एफसीसी होते. मग मधला अणू नाही, पृष्ठमध्यावरचे अणू आहेत, आणि त्याच त्रिकोणात तीन सहावे भाग अधिक बाजूंवरचे तीन अर्धे मिळून दोन अणू बसतात.