रशियन गाळलेल्या जागा: ‘पिसाला’ की ‘नापिसाला’, कसं ठरवायचं?

रशियन क्रियापदं बहुतेक जोडीनेच येतात, चालू असलेल्या किंवा परत परत होणाऱ्या कामासाठी एक अपूर्ण आणि होऊन गेलेल्या कामासाठी एक पूर्ण, आणि गाळलेल्या जागेत त्यातलं एक निवडायचं असतं. सगळ्यात कॉमन चूक अशी की वाक्य भूतकाळातलं आहे म्हणजे काम झालंच असणार, असं धरून सगळीकडे पूर्ण रूप टाकून मोकळं व्हायचं. पण भूतकाळ दोन्ही रूपांना असतो, त्यामुळे नुसत्या काळावरून काहीच कळत नाही.

आधी पूर्ण वाक्य वाचा आणि वेळेचे शब्द अंडरलाइन करा. हे वाक्य घ्या: ‘रान्शे आन्ना काझ्दुयु निद्येल्यु ___ बाबुश्क्ये पीस्मा, आ फ्चिरा ___ तोल्का अद्नू अत्क्रीत्कु.’ म्हणजे आधी आन्ना दर आठवड्याला आजीला पत्रं लिहायची, काल मात्र एकच पोस्टकार्ड लिहिलं. ‘काझ्दुयु निद्येल्यु’ म्हणजे दर आठवड्याला, तिथे अपूर्ण: पिसाला. कालचं एक कार्ड लिहून झालं, तिथे पूर्ण: नापिसाला.

आता मराठीची टेस्ट लावा, ही खरंच कामाला येते. मराठीत ‘लिहायची’ किंवा ‘लिहीत होती’ बसत असेल तर अपूर्ण, रशियन या दोन्हींसाठी एकच रूप वापरतं. ‘लिहून टाकलं’, ‘वाचून काढलं’ बसत असेल तर पूर्ण. नुसतं ‘वाचलं’ दोन्हीकडे जातं, म्हणून तिथे वेळेकडे बघा: ‘दोन तास’ वाचलं तर ‘द्वा चसा चिताल’, आणि ‘दोन तासांत’ वाचलं तर ‘झा द्वा चसा प्रचिताल’. आपला ‘-त’ आणि त्यांचा ‘झा’ इथे एकच काम करतात.

कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही लागतात. ‘ऑन द्वा चसा ___ झदाचु, नो ताक इ न्ये ___ ययो.’ दोन तास गणित सोडवत होता पण शेवटी सुटलंच नाही. पहिलं रिशाल, दुसरं रिशील. नकार आला म्हणून अपूर्ण टाकू नका, ‘ताक इ न्ये’ म्हणजे ‘शेवटपर्यंत नाहीच’, तिथे रिझल्टबद्दल बोलणं चाललंय.

‘वेळा’ हा शब्द पण फसवतो. ‘त्री राझा’ म्हणजे तीन वेळा, म्हणून रिपीट, म्हणून अपूर्ण, असं दर वेळी नसतं. दारावर तीन टकटक करून माणूस आत आला तर ‘त्री राझा पस्तुचाल’, पूर्णच, कारण तिन्ही टकटक मिळून एकच घटना झाली.

आणि ही टेस्ट जिथे हरते ती जागा लक्षात ठेवा. ‘खिडकी कोणी उघडली?’ हे मराठीत एकच वाक्य आहे. रशियनमध्ये खिडकी आत्ताही उघडी असेल तर ‘क्तो अत्क्रील अक्नो?’, आणि कोणीतरी उघडून परत लावून घेतलीय, खोली फक्त गार पडलीय, तर ‘क्तो अत्क्रिवाल अक्नो?’ असं विचारतात. उघडणं, येणं, घेणं अशी उलटवता येणारी क्रियापदं दिसली की शेजारचं वाक्य वाचा, खिडकी आत्ता उघडी आहे की बंद ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.