ब्रोकरकडून पैसे काढताना रिक्वेस्ट ‘पेंडिंग’ का राहते, आणि तक्रार कशी करावी

शुक्रवारी दुपारी ६२,००० रुपयांचे शेअर विकले, रात्री ॲपमधून पैसे काढायची रिक्वेस्ट टाकली आणि सोमवारी सकाळीही ‘पेंडिंग’च दिसतंय. अशा वेळी ब्रोकरने पैसे दाबून ठेवले असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा पैसे अजून ब्रोकरच्या हातातही आलेले नसतात.

जानेवारी २०२३पासून आपल्याकडे सगळ्या शेअरचा हिशेब व्यवहाराच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिटतो. शनिवार-रविवार धरले जात नाहीत. म्हणजे शुक्रवारची विक्री सोमवारी मिटणार, त्यानंतर ब्रोकर रक्कम बँकेकडे पाठवणार आणि ती मंगळवारी खात्यात दिसली तरी सगळं वेळेवरच झालं. सोमवारी बाजार चालू पण बँकांना सुट्टी असेल, तर आणखी एक दिवस. चार-पाच दिवस असे विनातक्रार निघून जातात. म्हणून आधी ॲपमध्ये ‘एकूण शिल्लक’ नाही, तर ‘काढता येण्याजोगी रक्कम’ बघा. विक्रीच्या पैशांतून त्याच दिवशी दुसरे शेअर घेता येतात, म्हणून ते आपलेच वाटतात, पण काढता येत नाहीत.

त्या रकमेत ६२,००० दिसत असूनही पैसे येत नसतील, तर लेजर उघडा. लेजर म्हणजे ब्रोकरकडची तुमची खातेवही. तिथे दोन शक्यता असतात. पैसे तुमच्या नावावरून वजाच झाले नसतील, तर अडथळा ब्रोकरकडे आहे: फ्युचर्स-ऑप्शन्सच्या चालू सौद्यासाठी अडकलेलं मार्जिन, थकलेले शुल्क किंवा अपुरं केवायसी. वजा होऊन पुन्हा जमा झालेले दिसले, तर बँकेने ते परत पाठवलेत. याचं नेहमीचं कारण म्हणजे बंद झालेलं खातं किंवा जुना आयएफएससी. देना बँक २०१९ला बँक ऑफ बडोदात गेली आणि तिचे कोड बदलले. अशा विलीनीकरणानंतर ब्रोकरकडे जुनाच कोड राहिलेली माणसं अजून सापडतात. अशा वेळी भांडून उपयोग नाही, बँकेचा तपशील बदलून घ्यावा लागतो.

तिसराच प्रकार एक आहे. ‘पैसे सोडवायला आधी कर भरा’ किंवा ‘आधी डिपॉझिट ठेवा’ असं कोणी म्हणालं, तर तो ब्रोकर नाही, फसवणूक आहे. तिथे विनवण्या करत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

लेजरमध्ये रक्कम वजा झालीये पण बँकेत पोचली नाही, तर ब्रोकरकडून यूटीआर मागा. हा त्या हस्तांतरणाचा क्रमांक. तो घेऊन बँकेत गेलात, तर बँकेला तुमची एंट्री शोधता येते. नुसतं ‘पैसे आले नाहीत’ म्हटलं की काउंटरवरून ‘पाठवणाऱ्याला विचारा’ असं उत्तर ठरलेलं.

आता पत्र. चॅटवर बसलेल्या मुलाच्या हातात पैसे सोडण्याचा अधिकार नसतो, त्याच्यावर ओरडून फक्त चॅट लवकर संपते. तिकीट क्रमांक घ्या आणि त्याच तिकिटावर लिहा. रोज नवं तिकीट काढलं, तर प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून वाचतो. रिक्वेस्ट रद्द करून परत टाकणंही टाळा, रांगेत पुन्हा मागे जाल. मजकूर एवढा पुरे:

‘नमस्कार. माझा क्लायंट आयडी अमुक. शुक्रवारी विकलेल्या शेअरचे ६२,००० रुपये सोमवारपासून काढता येण्याजोग्या रकमेत आहेत. शुक्रवारी रात्री रिक्वेस्ट टाकली, आज गुरुवार आहे. रक्कम पाठवली असल्यास यूटीआर कळवावा, नसल्यास थांबण्याचं नेमकं कारण कळवावं. लेजरचा स्क्रीनशॉट जोडला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर मिळावं, ही विनंती.’

यात राग नाही, पण ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढ्यावर भागवायची सोयही नाही. उत्तर आलं नाही, तर हीच मेल ब्रोकरच्या तक्रार निवारण पत्त्यावर पाठवा. तो पत्ता वेबसाइटवर आणि सहसा कॉन्ट्रॅक्ट नोटवरही सापडतो. खाली फक्त एक ओळ जोडा: ‘समाधान न झाल्यास स्कोअर्सवर तक्रार नोंदवावी लागेल.’ स्कोअर्स म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचं तक्रार पोर्टल. ही धमकी नव्हे, पुढची पायरी सांगणं आहे. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

तरीही नाही झालं, तर सेबीच्या scores.sebi.gov.in वर पॅन देऊन तक्रार नोंदवा आणि ही सगळी मेल जोडा. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही, तर १५ दिवसांच्या आत तिथेच फेरविचार मागता येतो. ही मुदत चुकवू नका, नाहीतर तक्रार निकाली निघाल्याचं समजलं जातं.