फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार करताय? या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका घरी फ्रिज बघायला गेलो होतो. तक्रार अशी, की फ्रिज गार करत नाही. दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी, तीही बंद. कॉम्प्रेसर हात लावू नये इतका तापलेला आणि थोड्या थोड्या वेळाने ‘टक्’ आवाज करून ओव्हरलोडने बंद पडत होता. विचारल्यावर अक्का म्हणाल्या, “रात्री लई उकडायलं म्हणून फ्रिजचं दार उघडं ठेवून झोपलो ओ. एसीगत गार वारं येतंय की. पण दोनला जाग आली तर सगळे घामानं चिंब.”

फ्रिज बिघडलेला नव्हता. दार लावून तासभर बंद ठेवला, मग चालू केला आणि संध्याकाळपर्यंत पाणी गार झालं.

पहिली चूक: फ्रिज गारवा तयार करतो असं समजणं

फ्रिज फक्त उष्णता उचलतो. आतल्या कप्प्यातली उष्णता गॅस पकडतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि ती पाठीमागच्या काळ्या जाळीतून खोलीत सोडली जाते. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, तिथे दोन्ही बाजूंचे पत्रे गरम लागतात. दार बंद असतं तेव्हा आत आणि बाहेर असे दोन वेगळे भाग असतात. दार उघडलं की तो भेदच संपतो. हौदातलं पाणी उपसून त्याच हौदात ओतण्यासारखं काम सुरू होतं. वर कॉम्प्रेसर चालवायला लागणारी वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते. पुढून जेवढी उष्णता आत जाते, त्यापेक्षा विजेइतकी जास्त मागून बाहेर पडते.

एरवी आत पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. दार उघडं असलं की ती वेळ येतच नाही, म्हणून तो अखंड चालतो.

अक्कांच्या फ्रिजचा हिशेब करू. साधा एकदारी फ्रिज चालू असताना साधारण १२० वॉट घेतो असं धरा. आठ तासांत जवळजवळ १ युनिट. म्हणजे हजार वॉटचा हीटर बंद खोलीत तासभर लावण्याइतकी उष्णता. दार बंद असतं तरी यातली काही आलीच असती, पण बरीच कमी. त्या खोलीत सुमारे ३८ किलो हवा मावते. फक्त हवाच तापली असती, तर तासाभरात दहा-अकरा अंशांची वाढ झाली असती. तसं होत नाही, कारण भिंती, फरशी, कपाट, गाद्या बरीचशी उष्णता पिऊन टाकतात. प्रत्यक्षात एखाद-दुसरा अंश वाढतो. पण मेमधल्या सोलापुरात तेवढाही नको वाटतो.

दुसरी चूक: फ्रिजसमोर उभं राहून निकाल देणं

दार उघडल्यावर पायांवर गार झोत येतो, तो खरा असतो. थंड हवा जड, म्हणून ती खाली सांडते. पण १९० लिटरच्या फ्रिजमधली सगळी गार हवा खोलीतून जेवढी उष्णता शोषते, तेवढी हा फ्रिज एक-दीड मिनिटात विजेतूनच खोलीत टाकतो. त्यामुळे तपासायचंच असेल तर थर्मामीटर फ्रिजपासून लांबच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर ठेवा. पंखा चालू ठेवा, म्हणजे हवा मिसळेल. आकडा तासाभराने बघा.

बर्फाची गंमत वेगळी. फ्रीजरमध्ये किलोभर बर्फ असेल, तर तो वितळताना १२० वॉटची पाऊण तासाची उष्णता शोषतो. तेवढा वेळ बरं वाटू शकतं. पण तो बर्फ जमताना तीच उष्णता याच खोलीत आधीच सोडलेली असते. उसनं घेतलेलं परत दिलं, एवढंच.

तिसरी चूक: गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या लावणं

हीच अक्कांना सर्वांत महागात पडली. बाहेर पहाटेपर्यंत हवा गार होत जाते, पण खोलीतली उष्णता आतच कोंडते. कूलर असलेल्या घरांत तर खिडक्या लावल्या की दमटपणाही वाढतो आणि उघड्या फ्रिजच्या फ्रीजरवर बर्फाचा जाड थर चढतो. रात्री फ्रिजचं दार लावा, खिडकी उघडा आणि फ्रिजची पाठ भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. जाळीवर ओले कपडे वाळत घालू नका. हे मी इथे बऱ्याच घरांत पाहतो.

निघताना अक्कांनी विचारलं, “मग पाठ खिडकीबाहेर काढली तर?” प्रश्न अगदी बरोबर होता. तसं केलं आणि फटी नीट बुजवल्या तर खोली खरंच गार होईल. विंडो एसी म्हणजे दुसरं काय? पण एक टनाचा एसी खोलीतली सुमारे ३५०० वॉट उष्णता बाहेर फेकतो आणि घरगुती फ्रिज फार तर त्याच्या पंधराव्या हिश्शाएवढी. पत्र्याच्या छतातून उतरणारी आगच त्याहून जास्त असते.