एव्हीएल ट्री: एकदा फिरवूनही झाड कललेलंच राहतं तेव्हा

सबमिशनच्या दिवसांत सेकंड इयरला असलेली माझी भाची कोथरूडला आमच्याकडे येऊन बसते. एव्हीएल ट्री म्हणजे लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे ठेवणारं आणि नोड फिरवून, म्हणजे रोटेशनने, स्वतःचा तोल राखणारं झाड. परवा तिच्या वहीत रोटेशन केलेला असा ट्री होता आणि तरी तो कललेलाच होता. "मामा, फिरवलं ना मी!" फिरवलं होतं, पण एकदाच. तिच्याच आकड्यांवर ते बघू: ४०, २०, ३०, ५०, ४५, ४२.

नोडचा बॅलन्स फॅक्टर म्हणजे डावीकडची उंची वजा उजवीकडची. एकट्या नोडची उंची १, रिकाम्या जागेची ०. फॅक्टर -१, ० किंवा १ असेल तोवर हात लावायचा नाही.

४०, मग डावीकडे २०, मग २० च्या उजवीकडे ३०. आता ४० चा फॅक्टर २ झाला. ४० कडून ३० कडे जाताना वाट आधी डावीकडे, मग उजवीकडे वळते. अशी वाट वाकडी असली की दोन रोटेशन लागतात, सरळ असली की एक. इथे ३० वर येतो. २० आणि ४० त्याच्या दोन बाजूंना. ५० आणि ४५ घातल्यावर ४० पाशी तसंच होतं, फक्त आरशातल्यासारखं, आणि ४५ वर चढतो.

आता ४२ घाला.

```
      ३०
     /  \
   २०    ४५
        /  \
      ४०    ५०
        \
         ४२
```

४२ पासून वर चढत प्रत्येक फॅक्टर तपासा. ४० चा -१, ४५ चा १, ३० चा -२. बिघाड ३० पाशी आहे आणि तिथून वाट उजवीकडे, मग डावीकडे जाते. भाचीने इथे ३० थेट डावीकडे फिरवला. ४५ रूट झाला, पण ४० आणि ४२ दोघेही ३० च्या खाली गेले आणि ४५ चा फॅक्टर २ झाला. कल फक्त बाजू बदलून बसला.

म्हणून आधी ४५ उजवीकडे फिरवा. ४० वर येतो, ४५ त्याचं उजवं मूल होतं. पण ४० च्या उजवीकडे आधीच ४२ आहे, त्याचं काय? तो ४० पेक्षा मोठा, ४५ पेक्षा लहान, म्हणून ४५ च्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या डाव्या जागेत बसतो. कोड लिहिताना हा पॉइंटर विसरला तर ४२ झाडातून गायबच होतो. वाट सरळ झाली; आता ३० डावीकडे फिरवा.

```
       ४०
      /  \
    ३०    ४५
   /     /  \
 २०    ४२    ५०
```

कोडमध्ये उंची खालच्या नोडची आधी मोजा, मग वर आलेल्याची. उलट केलंत तर पुढचा आकडा घालताना फॅक्टर चुकतो.

भाचीने इनऑर्डर वाचून पाहिलं होतं, २० ते ५० चढत्या क्रमाने आलं, म्हणून तिला ते बरोबर वाटलं. पण रोटेशनने क्रम कधीच बदलत नाही, त्यामुळे चुकीच्या झाडातही तो तसाच येतो. तोल पाहायचा तर प्रत्येक नोडचा फॅक्टरच मोजावा लागतो. इथे ४० चा ०, ३० चा १, ४५ चा ०. झाडाची उंची ४२ येण्याआधी ३ होती, आताही ३ आहे. म्हणून ३० च्या वर आणखी नोड असते, तरी त्यांना फिरवावं लागलं नसतं.